बटाटा काढला, पण ट्रक आला नाही

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार बटाट्यासाठी ओळखलं जातं. इथले बरेच शेतकरी चिप्स बनवणाऱ्या कंपन्यांशी करार करून बटाटा लावतात. बियाणं कंपनी देते, दर आधी ठरतो, बियाण्याची रक्कम शेवटी बिलातून कापली जाते. सही करताना सगळ्यांचं लक्ष दरावर असतं. उचल कधी होणार, हे मात्र 'काढणीनंतर लवकरात लवकर' अशा शब्दांत उरकलेलं असतं. शेतकऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान याच शब्दांतून होतं.

काढलेला बटाटा पडून राहिला की त्यातलं पाणी उडतं आणि वजन घटतं. उजेड लागला की साल हिरवी पडते. पाकोळीने अंडी घातली तर अळी आत शिरते. चिप्सवाला हिरवा, किडका, कुजका असा कुठलाच माल घेत नाही. म्हणजे उशीर खरेदीदाराचा असला तरी तो प्रतवारीत 'खराब माल' म्हणून शेतकऱ्याच्या नावावर चढतो.

समजा, एका एकरात 8,000 किलो माल निघाला आणि दर 18 रुपये ठरला. ट्रक वेळेवर आला आणि 4 टक्के माल नाकारला, तर 7,680 किलोचे 1,38,240 रुपये होतात. तोच ट्रक आठवडाभर उशिरा आला, 3 टक्के वजन घटलं आणि उरलेल्यातला 10 टक्के माल नाकारला, तर 6,984 किलोचे 1,25,712 रुपये हाती येतात. दर एका पैशानेही बदलला नाही, तरी साडेबारा हजार रुपये गेले.

कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग असते, हे खरं. बाजारभाव चढला की करार मोडून बाहेर विकणारे शेतकरीही आहेत. पण बाजार पडला की उचलही मंदावते, हे योगायोगाने होत नाही.

2020च्या करार शेतीच्या केंद्रीय कायद्यात एक चांगलं कलम होतं: माल ताब्यात घेण्याआधी खरेदीदार दर्जा तपासू शकतो, पण एकदा घेतल्यावर त्याला मागे फिरता येणार नाही. 2021 साली तो कायदा रद्द झाला. तरी ही अट कोणत्याही करारात लिहून घेता येते, आणि ती घ्यायलाच हवी. काढणीची सूचना दिल्यापासून किती दिवसांत उचल होणार, याचा आकडा लिहा. त्यानंतरची घट आणि खराबी खरेदीदाराची, हे स्पष्ट करा. वजन आणि प्रतवारी बांधावर, शेतकऱ्यासमोर व्हावी आणि नाकारलेल्या मालाचं कारण पावतीवर यावं. माल कारखान्यात गेल्यावर फोनवरून कळणारी 'कटती' शेतकऱ्याला तपासता येत नाही.

काढणीची सूचना तोंडी न देता मोबाइलवर संदेश पाठवून द्यावी. वाद झालाच, तर उशीर कुठल्या तारखेपासून मोजायचा, हे त्यावरूनच ठरतं.