नकाराच्या पत्राला कलमवार उत्तर

शेजारच्या काकांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक विमा कंपनीचा, क्लेम नाकारल्याचा. दुसरा त्यांनी स्वतः लिहिलेला, साडेतीन पानांचा. काका एसटीत कंडक्टर होते. हिशेब चोख आणि राग त्याहून चोख. त्यांच्या पत्रात सगळं होतं. चार वर्षं एकही हप्ता चुकवला नाही, पॉलिसी देताना रोज घरी येणारा एजंट आता फोन उचलत नाही, पेन्शन किती तुटपुंजी आहे आणि शेवटी, ‘ग्राहक मंचात खेचीन’. नव्हतं ते एवढंच: कंपनीने जी तीन कारणं दिली होती, त्यांचं उत्तर.

ऑगस्ट २०२५ मध्ये काकांना न्यूमोनिया झाला. सांगलीतल्या एका छोट्या रुग्णालयात पाच दिवस काढले, बिल झालं ६८,४०० रुपये. पैसे घरून भरले आणि मागून क्लेम टाकला. महिन्याभरात नकार आला. तो इंग्रजीत होता, पण मराठीत सांगायचं तर कारणं अशी: एक, उच्च रक्तदाबाचा पाच वर्षांचा जुना आजार पॉलिसी घेताना लपवला. दोन, हा आजार बाह्यरुग्ण विभागात बरा झाला असता, दाखल होण्याची गरज नव्हती. तीन, रुग्णालयात पंधरा खाटा नाहीत, त्यामुळे ते पॉलिसीच्या व्याख्येत बसत नाही.

असं पत्र आलं की माणूस खचतो. पण त्यात ग्राहकाच्या फायद्याची एक गोष्ट असते. नकाराच्या पत्रात जी कारणं लिहिली, त्यांच्याशी कंपनी बांधली जाते. नंतर प्रकरण वर गेल्यावर तिला खिशातून नवं कारण काढता येत नाही. ‘गलाडा पॉवर’ या कंपनीच्या खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच पाहिलं. विमा कंपनी पुढे ‘कळवायला उशीर झाला’ म्हणू लागली, पण नकाराच्या पत्रात उशिराचा उल्लेखच नव्हता. मग तो मुद्दा तुम्ही सोडून दिलात असंच धरलं जाईल, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे काकांची लढाई तीन वाक्यांशी होती. हप्ते, एजंट, पेन्शन यांपैकी एकाचाही त्या तीन वाक्यांशी संबंध नव्हता. साडेतीन पानं बाजूला ठेवली.

नवं पत्र लिहायची पद्धत कारकुनी आहे. कंपनीचं कारण तिच्याच शब्दांत, अवतरणात उतरवायचं. त्याखाली ती ज्या कलमाचा आधार घेते ते कलम. मग आपलं उत्तर, शक्यतो दोन-तीन वाक्यांत, आणि प्रत्येक वाक्यामागे एक कागद, त्यावर ‘जोडपत्र १’, ‘जोडपत्र २’ असा क्रमांक. कंपनीने ज्या क्रमाने कारणं दिली त्याच क्रमाने. वाचणारा माणूस दोन पत्रं शेजारी ठेवून वाचतो, त्याला शोधाशोध करायला लावू नये.

पहिल्या कारणाने आमचा सगळ्यात जास्त वेळ घेतला. रक्तदाब कंपनीला कळला कुठून? डिस्चार्ज समरीतून. तिथे पूर्वेतिहासाच्या रकान्यात ‘एचटीएन ५ वर्षे’ असं होतं. पॉलिसी जून २०२१ ची. हिशेब सोपा: आजार पाच वर्षांचा, पॉलिसी चार वर्षांची, म्हणजे लपवला. काका म्हणाले, “अरे, पाच वर्षं कुठली! यंदा शिमग्याच्या सुमारास पहिल्यांदा गोळी सुरू झाली.”

मग आम्ही रुग्णालयाकडे इनडोअर केस पेपर मागितले. डिस्चार्ज समरी म्हणजे निघताना दिलेला सारांश. केस पेपर म्हणजे दाखल झाल्यापासून डॉक्टर आणि नर्स जे रोज लिहितात ते मूळ कागद. काउंटरवरच्या मुलीने आधी “ते पेशंटला देत नाही” असं सांगितलं. पण वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. तसा अर्ज लेखी दिल्यावर दुसऱ्या दिवशी झेरॉक्स मिळाली. दाखल करतानाच्या पानावर आरएमओच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: रक्तदाब, पाच महिने. समरी टाइप करताना महिन्यांची वर्षं झाली होती. विम्याची कामं करणाऱ्यांना विचारा, ही चूक त्यांना नवी नाही.

एवढ्यावर भागत नाही, कारण कंपनी म्हणू शकते की केस पेपर नंतर दुरुस्त केला. म्हणून त्याला बाहेरचे आधार हवेत. गल्लीतल्या डॉक्टरांची पहिली चिठ्ठी मार्च २०२५ ची निघाली, त्याच तारखेचं औषधाच्या दुकानाचं बिलही. आणि सगळ्यात भारी कागद कंपनीच्याच घरचा होता. पॉलिसी देण्यापूर्वी, २०२१ मध्ये, कंपनीने स्वतःच्या लॅबमधून काकांची तपासणी करून घेतली होती आणि त्या अहवालात रक्तदाब १२८/८२ होता. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ‘समरीतील “वर्षे” ही लेखनातील चूक असून “महिने” असे वाचावे’ असं सही-शिक्क्याचं पत्रही दिलं.

इथे मला काकांना एका मोहापासून आवरावं लागलं. कुठूनतरी त्यांच्या कानावर आलं होतं की पॉलिसी सलग साठ महिने चालली की कंपनीला काही विचारताच येत नाही. नियम आहे, २०२४ पासून ती मुदत ९६ वरून ६० महिन्यांवर आली आहे आणि त्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज क्लेमला आव्हान देता येत नाही. पण काकांचे झाले होते जेमतेम पन्नास महिने. जो नियम आपल्याला लागू नाही तो पत्रात घातला की वाचणारा आधी तेवढाच खोडून काढतो आणि बाकीच्यावरचा त्याचा विश्वासही कमी होतो. तसंच दुसरं: आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा मुदत, जी आता जास्तीत जास्त ३६ महिने असते, ती काकांची उलटून गेली होती. पण कंपनीचं कारण ते नव्हतंच. ‘अजून मुदत संपली नाही’ आणि ‘तुम्ही माहिती लपवली’ हे दोन वेगळे आरोप आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला दिलं की मूळ आरोप तसाच उभा राहतो. आणि आजार खरोखरच जुना असता, प्रपोजल फॉर्मवर ‘नाही’ असं लिहिलेलं असतं, तर हे पत्र असं लिहिता आलं नसतं. तेव्हा मग तो फॉर्म कोणी भरला, प्रश्न नेमका काय होता, त्या आजाराचा विमा देण्याच्या निर्णयाशी किती संबंध होता, अशी वेगळी आणि अवघड वाट धरावी लागते.

दुसऱ्या कारणाखाली कंपनीने कलमच दिलं नव्हतं, नुसतं ‘आमच्या वैद्यकीय मतानुसार’. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे नकार देताना पॉलिसीच्या नेमक्या अटीचा हवाला द्यावा लागतो आणि कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय नकार देता येत नाही. आम्ही एका वाक्यात विचारलं: कोणतं कलम, आणि समितीची मंजुरी कोणत्या तारखेची? पण खरं उत्तर नर्सच्या तक्त्यात होतं. दाखल करताना ऑक्सिजनची पातळी ८८ टक्के, पहिले चाळीस तास नळीने ऑक्सिजन, दिवसातून दोनदा शिरेतून अँटिबायोटिक, एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा. पत्रात ‘काका फार आजारी होते’ असं लिहून काही उपयोग नव्हता. हे चार आकडे, तारीख-वेळ आणि जोडपत्र क्रमांकासह, एवढंच लिहिलं. घरी बसून गोळ्यांनी हे झालं असतं का, हे त्यांच्या डॉक्टरने ठरवावं.

तिसरं कारण पाच मिनिटांत निकालात निघालं, कारण कंपनीने स्वतःचीच पॉलिसी नीट वाचली नव्हती. पंधरा खाटांची अट मोठ्या शहरांसाठी असते. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात दहा खाटा पुरतात. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आसपास होती आणि या रुग्णालयात बारा खाटा आहेत. शिवाय व्याख्येत एक ‘किंवा’ आहे, आणि तो शब्द सोन्यासारखा आहे: रुग्णालय कायद्याने नोंदलेलं असावं *किंवा* खाटा, नर्स, डॉक्टर वगैरे अटी पुऱ्या करणारं असावं. महापालिकेकडची शुश्रूषागृह नोंदणी असली की खाटा मोजण्याची वेळच येत नाही. ते प्रमाणपत्र रुग्णालयात बहुतेक वेळा भिंतीवरच टांगलेलं असतं. आम्ही मोबाइलने फोटो काढला, प्रिंटवर त्यांचा शिक्का घेतला.

शेवटी मागणी. ‘योग्य तो न्याय मिळावा’ हे लिहू नये, कारण त्याचा आकडा होत नाही. आम्ही लिहिलं: नकार मागे घेऊन ६८,४०० रुपये आणि विलंबाचं व्याज द्यावं, किंवा वरीलपैकी जो मुद्दा मान्य नाही तो क्रमांकानिशी, पुराव्यासह कळवावा. पत्र दोन पानांचं झालं. ते कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवलं. काकांचा ‘खेचीन’ मी काढून टाकला, तेव्हा ते जरा हिरमुसले. पण धमकीची गरज नव्हती. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. सांगलीकरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकीलही लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथून मिळू शकते. ग्राहक आयोगाचा रस्ताही असतो, मुदत दोन वर्षांची. मात्र प्रकरण तिथे दाखल झालं की लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून आधी कुठे जायचं याचा क्रम ठरवून ठेवावा. लोकपालांकडे गेलो असतो तर हेच दोन पानांचं पत्र आणि हीच जोडपत्रं पुढे करायची होती, नवं काही लिहायचं नव्हतं.

तशी वेळ आली नाही. चोविसाव्या दिवशी खात्यात ६३,९१० रुपये जमा झाले. सोबत ४,४९० रुपयांच्या कपातीची यादी होती. नेब्युलायझरचं किट, थर्मामीटर, सोबतच्या माणसाचं जेवण, असलं काहीबाही. व्याजाबद्दल अवाक्षर नव्हतं. काका यादी घेऊन आले आणि खुर्ची ओढून बसले. “आता याला उत्तर लिहू या,” म्हणाले. मी पॉलिसीच्या शेवटचं परिशिष्ट उघडलं. न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत एकेक नाव बोटाने लावून पाहिलं. सगळी होती. कपातीवर लिहायचं नाही, व्याजावर चार ओळी लिहू, असं मी म्हणालो. काकांनी पेन खिशातून काढून माझ्यापुढे सरकवलं.