राजीनामा आल्यावर पगार वाढवायचा का?

आयटीत एखाद्याने ‘पेपर टाकला’ की त्याच संध्याकाळी मॅनेजर विचारतो, “किती मिळतायत तिकडे?” बोलणं इथेच बिघडतं. पैशांचा आकडा आधी आला की माणूस का चालला आहे, ते कायमचं बाजूला पडतं. 2022च्या जून तिमाहीसाठी इन्फोसिसने आयटी सेवांमधलं नोकरी सोडण्याचं वार्षिक प्रमाण 28.4 टक्के असल्याचं जाहीर केलं होतं. त्या काळात काउंटर ऑफर घाऊक वाटल्या गेल्या. नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा असेल, तर हातातली ऑफर दाखवून तिसरीकडून मोठी आणायला वेळही भरपूर मिळतो.

उदाहरणादाखल एक टीम घेऊ. हिंजवडीतली मध्यम आकाराची कंपनी, एकाच ग्रेडचे तीन सीनियर इंजिनिअर. राजीनामा देणाऱ्याचा पगार वर्षाला 18 लाख, दुसऱ्याचा साडेअठरा, तिसरीचा साडेसतरा. काम सारखंच आणि अप्रेझलही जवळपास सारखं. ग्रेडचा बँड 16 ते 24 लाखांचा. बाहेरची ऑफर आहे 25 लाखांची.

पहिल्या बैठकीत मॅनेजरने एवढंच विचारावं: “पैसे सोडले तर आणखी कशामुळे निघालास?” आणि मग गप्प राहून ऐकावं. रात्री अकराचे क्लायंट कॉल, रखडलेलं प्रमोशन किंवा गावी आजारी असलेले वडील हे कारण असेल, तर चार लाख वाढवून माणूस टिकणार नाही. टिकलाच तर काही महिन्यांनी पुन्हा पेपर टाकेल. पगार हेच कारण निघालं तरी आकडा तिथल्या तिथे बोलू नये. “मला दोन दिवस दे. तुझ्यासाठी जे करता येईल, ते इतरांसमोर समर्थन करता येईल असंच असेल,” हे स्पष्ट सांगावं.

त्या दोन दिवसांत खरा हिशोब करायचा असतो. त्याला 22 लाख दिले की खर्च वाढतो 4 लाखांनी. पण उरलेल्या दोघांचं काय? पगाराचा आकडा गुप्त राहतो, हा मोठा भ्रम आहे. कँटीनमध्ये तो आठवडाभरात पोचतो. मग न मागता इमानाने काम करणाऱ्याला उमगतं, की इथे वाढ राजीनाम्यालाच मिळते. ही बातमी फिरल्याची खूण ओळखायला सोपी आहे: इतर जणही ऑफर लेटर घेऊन केबिनमध्ये येऊ लागतात. तिसरी इंजिनिअर स्त्री आहे, आणि सारख्या कामासाठी लिंगभेदावरून कमी पगार देण्याला कायद्याने बंदी आहे. तिच्या पगारातल्या तफावतीचं कारण कामात दाखवता आलं नाही, तर प्रश्न नाराजीपुरता उरत नाही.

दोघांनाही प्रत्येकी 3 लाख वाढवले, तर एकूण बोजा 10 लाखांचा होतो. आकडा जड वाटतो. पण तो गेला तर नवा माणूस बाजारभावाने 25 लाखांनाच येणार, म्हणजे 7 लाख जास्त. शिवाय भरती एजन्सीने वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के घेतले, तर आणखी दोनेक लाख. खर्च 9 लाखांवर जातो, जुने दोघे मागेच राहतात आणि बँडबाहेरचा पगार घेणारा नवा सहकारी त्यांच्या शेजारी बसतो. एजन्सीचे पैसे एकदाच जातात, पगारवाढ मात्र दरवर्षीची. तरीही तिघांचा पगार एकदम दुरुस्त करणं इथे परवडतं. बजेट तेवढं नसेल, तर एकट्यालाच वाढ देण्यापेक्षा त्याला सन्मानाने जाऊ देणं बरं.

पत्र छोटं हवं, पण त्यात तोंडी आश्वासनांना जागा नको. मजकूर साधारण असा: “तुमच्या ग्रेडच्या पगारांचा आम्ही फेरआढावा घेतला. त्यानुसार 1 तारखेपासून तुमचा वार्षिक पगार 22 लाख रुपये असेल. त्यातले 20 लाख निश्चित व 2 लाख कामगिरीवर अवलंबून. एप्रिलचं नियमित इन्क्रिमेंट याव्यतिरिक्त असेल. हा प्रस्ताव मान्य असल्यास शुक्रवारपर्यंत राजीनामा लेखी मागे घ्यावा. मान्य नसल्यास ठरलेल्या तारखेला रिलीव्हिंग लेटर मिळेल.”

यातलं एप्रिलचं वाक्य अनेक कंपन्या गाळतात. मग एप्रिलमध्ये “तुला तर आत्ताच वाढ मिळाली” असं ऐकवलं जातं आणि माणूस फसवला गेल्याच्या भावनेने निघून जातो. प्रमोशनचं वचन मात्र पत्रात घालू नये. ते अप्रेझल समितीने द्यायचं असतं आणि त्यावर उरलेल्या दोघांचाही तेवढाच हक्क असतो.

त्या दोघांची पत्रं याच आठवड्यात, त्यांनी मागण्याआधी, त्याच तारखेपासून लागू होणारी निघावीत. राजीनामा देणारा शेवटी गेला तरी ती थांबवू नयेत, कारण बाजारभावाच्या मागे पडलेला त्यांचा पगार त्याच्या जाण्याने भरून निघालेला नसतो.