एका प्रकरणाचे दोन तक्ते

पुस्तक समोर उघडे ठेवून द्यायच्या परीक्षेत साहित्याच्या विद्यार्थ्याचा वेळ आठवण्यात जात नाही, शोधण्यात जातो. कादंबरीतले प्रकरण घटनांच्या क्रमाने चालते. प्रश्न मात्र त्या क्रमाने येत नाही. तो एखाद्या पात्राबद्दल असतो, नाहीतर प्रकरणात खेळणाऱ्या एखाद्या आशयसूत्राबद्दल, आणि त्याच्या उत्तराला लागणारा मजकूर दहा-बारा पानांवर विखुरलेला असतो. पाने उलटत बसायचे नसेल तर प्रकरणाची मांडणीच आधी बदलून ठेवावी लागते. त्यासाठी दोन तक्ते पुरतात, एक पात्रांचा आणि एक आशयसूत्रांचा.

मेरी शेली यांच्या ‘फ्रँकनस्टाइन’मधले पाचवे प्रकरण याला चांगले उदाहरण आहे. ते लहान आहे, घटनांनी भरलेले आहे आणि इंग्रजी साहित्याच्या परीक्षांमध्ये त्यावर हमखास काहीतरी विचारले जाते. नोव्हेंबरातल्या पावसाळी रात्री एक वाजता व्हिक्टर फ्रँकनस्टाइनने घडवलेला जीव डोळे उघडतो. जवळजवळ दोन वर्षे ज्यासाठी खपलो ते दृश्य व्हिक्टरला पाहवत नाही. तो झोपायच्या खोलीत पळतो. स्वप्नात त्याला एलिझाबेथ दिसते, तो तिचे चुंबन घेतो आणि तिचे रूपांतर त्याच्या मृत आईच्या प्रेतात होते. जाग येते तो पलंगाचा पडदा उचलून तो जीव उभा असतो. व्हिक्टर पुन्हा पळतो, उरलेली रात्र खालच्या आवारात काढतो आणि सकाळी इंगोल्श्टाटच्या रस्त्यांवरून भटकताना त्याला बालमित्र हेन्री क्लर्वल भेटतो. खोलीवर परतल्यावर तो जीव नाहीसा झालेला असतो. व्हिक्टर आनंदाने टाळ्या पिटतो, पण काही वेळातच कोसळतो. कित्येक महिने क्लर्वल त्याची शुश्रूषा करतो. वसंत येतो, झाडांना पालवी फुटते आणि घरच्या पत्राशी प्रकरण संपते.

तक्त्याच्या आधी एक रटाळ काम उरकावे लागते. प्रकरण प्रसंगांत कापायचे आणि प्रत्येक प्रसंगाला क्रमांक आणि पान द्यायचे. इथे सहा प्रसंग पडतात: प्रयोगाची रात्र, स्वप्न, पलंगाचा पडदा व आवार, रस्ता व क्लर्वलची भेट, रिकामी खोली, आजार व वसंत. या टप्प्यावर आवृत्ती पाहिली नाही तर पुढचे सगळे बिघडते. कादंबरी 1818 साली तीन खंडांत आली, तेव्हा हे प्रकरण पहिल्या खंडातले चौथे होते. 1831 च्या सुधारित आवृत्तीत प्रकरणांना सलग क्रमांक मिळाले आणि ते पाचवे झाले. बाजारात दोन्ही पाठ मिळतात. मित्राच्या वहीतून उतरवलेले पानांचे आकडे म्हणूनच परीक्षेत दगा देतात. आकड्यांपुरताच हा फरक नाही: 1818 च्या पाठात एलिझाबेथ व्हिक्टरची आतेबहीण आहे, 1831 च्या पाठात ती कुटुंबाने सांभाळलेली अनाथ मुलगी आहे. हातात कोणता पाठ आहे हे तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेले बरे.

पात्रांच्या तक्त्यात प्रत्येक पात्राला एक आडवी ओळ मिळते. व्हिक्टर, तो जीव, क्लर्वल, एलिझाबेथ, मृत आई आणि वडील अशा सहा ओळी इथे होतात. शेवटची तिघे प्रकरणात प्रत्यक्ष येत नाहीत, स्वप्नातून, पत्रातून आणि बोलण्यातून येतात. तरी त्यांना ओळ हवीच, कारण अनुपस्थित पात्रांवरचे प्रश्न अवघड असतात आणि ऐनवेळी त्यांचे उल्लेख सापडत नाहीत. उभे रकाने चार पुरेत: पात्र काय करते, काय बोलते, त्याच्याविषयी कोण सांगते, आणि प्रकरणाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्याच्यात काय बदलते. ‘स्वभाव’ असा रकाना मात्र टाळावा. तो रकाना ‘महत्त्वाकांक्षी’, ‘प्रेमळ’, ‘निष्ठावान’ अशा विशेषणांनी भरतो आणि विशेषणाला पान नसते. क्लर्वलच्या ओळीत ‘प्रेमळ मित्र’ लिहिण्यापेक्षा ‘आजाराचे गांभीर्य घरच्यांना कळू देत नाही, प्रसंग 6’ एवढे लिहिले तर मैत्रीही त्यात येते आणि लपवाछपवीही.

हा तक्ता भरू लागले की त्या जीवाच्या ओळीपाशी हात थांबतो. ‘काय करतो’ या रकान्यात तीन-चार नोंदी पडतात: डोळा उघडतो, जोरात श्वास घेतो, पडदा उचलतो, हात पुढे करतो. ‘काय बोलतो’ हा रकाना रिकामा राहतो; तोंडातून काही अस्फुट आवाज निघतात, पण एकही शब्द नाही. ‘कोण सांगते’ याचे उत्तर प्रत्येक वेळी एकच, व्हिक्टर. नुसत्या वाचनात ही गोष्ट नजरेतून निसटते, कारण व्हिक्टरच्या घाबऱ्या निवेदनाचा वेग वाचकालाही ओढून नेतो. तक्त्यात मात्र ती दिसतेच. रिकामा चौकोन म्हणजे अभ्यासातली उणीव असे समजून तो कसाबसा भरून टाकण्याची सवय अनेकांना असते. इथे तो रिकामा ठेवून त्यावर खूण करायची असते, कारण बहुतेक वेळा उत्तर तिथेच असते.

आशयसूत्रांच्या तक्त्यात डावीकडे सूत्रे येतात आणि वर प्रसंगांचे क्रमांक. सूत्र एका शब्दात लिहिले की ते निकामी होते. ‘विज्ञान’ किंवा ‘एकटेपणा’ असे लिहिले तर प्रकरणातले प्रत्येक वाक्य त्याखाली बसते आणि निवड होत नाही. सूत्र वाक्यात लिहावे, ज्याला क्रियापद आहे आणि ज्याच्याशी वाद घालता येतो. चौकोनात पुराव्याचे चार-सहा शब्द यावेत, कथेचा सारांश नव्हे. सहापैकी चार प्रसंगांचा तुकडा असा दिसेल:

| सूत्र | प्रसंग 1 | प्रसंग 2 | प्रसंग 3 | प्रसंग 5 |
|---|---|---|---|---|
| निर्माता जबाबदारी टाकून पळतो | खोलीतून बाहेर धाव | झोपेत आसरा | आवारात रात्र | खोली रिकामी, टाळ्या |
| रूप पाहून निवाडा होतो | सुंदर अवयव निवडले, तरी किळस | – | हसू दिसते, ते भयंकर वाटते | – |
| जीव देण्याच्या खटाटोपात मृत्यू शिरतो | विझत आलेली मेणबत्ती | एलिझाबेथ, मग आईचे प्रेत | – | – |

पहिली ओळ सलग भरलेली आहे आणि तिथे पळण्याला एक चढती कमान आहे: आधी खोलीतून, मग झोपेत, मग घराबाहेर, आणि शेवटी तो जीव गेल्याचा आनंद. घडवलेल्या जिवाचे पुढे काय झाले असेल हा प्रश्न व्हिक्टरला त्या क्षणी पडतच नाही. दुसरी ओळ विरळ आहे, पण पहिल्या चौकोनात एक विसंगती दडली आहे. त्याचे अवयव व्हिक्टरने सुंदर म्हणून निवडले होते, त्याचे केस काळेभोर आणि दात मोत्यासारखे आहेत. किळस येते ती हे सगळे एकत्र येऊन हलू लागते तेव्हा.

‘या प्रकरणात तो जीव भयंकर आहे की त्याला भयंकर ठरवले गेले आहे?’ असा प्रश्न आला तर दोन्ही तक्ते कसे चालतात ते पाहता येते. पात्रांच्या तक्त्यात त्याची ओळ काढली की पहिला मुद्दा मिळतो: तो बोलत नाही, आणि त्याचे सारे वर्णन एकट्या व्हिक्टरचे आहे. आशयसूत्रांच्या तक्त्यात निवाड्याची ओळ पाहिली की दुसरा मिळतो, निवडलेल्या सौंदर्याची किळस. दोन्ही तक्ते प्रसंग 3 वर एकमेकांना छेदतात, म्हणून पुस्तक तिथे उघडायचे. व्हिक्टरला वाटते की तो हात आपल्याला अडवायला पुढे आला. पण तो हात खरोखर कशासाठी होता हे निवेदन ठामपणे सांगत नाही. ‘जणू’ म्हणून सोडून देते. झोपलेल्या माणसाच्या पलंगाशी येऊन, हसून, हात पुढे करणारा नवजात जीव बापाला शोधत असावा, असाही अर्थ तिथे बसतो. तक्त्याचे काम या जागेपर्यंत नेऊन सोडण्याचे. ‘जणू’ची छटा पुस्तकातच वाचावी लागते, आणि गुण त्या वाचनाला मिळतात. चौकोनातल्या नोंदी एकापुढे एक जोडून लिहिलेले उत्तर परीक्षकाला लगेच ओळखू येते: त्यात पुरावे असतात, पण एका पुराव्यावरून दुसऱ्याकडे जायचे कारण नसते.

तक्ता नीट जमला आहे की नाही हे परीक्षेआधी तपासता येते. कोणाला तरी प्रश्न विचारायला सांगावा आणि तक्त्यावरून पुस्तकातल्या नेमक्या जागी बोट ठेवायला किती वेळ लागतो ते पाहावे. मिनिटाच्या वर गेला तर नोंदी लांबल्या आहेत किंवा पाने लिहिलेली नाहीत. एकच नोंद चार-पाच सूत्रांखाली जशीच्या तशी आली असेल तर सूत्रे एकमेकांत मिसळली आहेत; त्यातली दोन एकत्र करावीत. आणि तक्ता प्रकरणाइतकाच लांब झाला असेल, तर ते प्रकरणच पुन्हा लिहिले गेले आहे.

एका प्रकरणापुरत्या तक्त्याची मोठी मर्यादा म्हणजे त्याला पुढचे-मागचे दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून उजवीकडे दुव्यांचा एक अरुंद रकाना ठेवतात. स्वप्नापुढे ‘प्रकरण 23, लग्नाची रात्र’ असे लिहिले की एलिझाबेथच्या मृत्यूची चाहूल इथेच लागली होती हे आठवते. त्या जीवाच्या रिकाम्या चौकोनापुढे ‘प्रकरण 11 ते 16, स्वतःची कहाणी’ येते, कारण तिथे तो बोलतो आणि चांगलाच बोलतो. रूपावरून होणाऱ्या निवाड्यापुढे ‘प्रकरण 15, आंधळे डी लेसी’ येते. ज्याला दिसत नाही तो म्हातारा त्याच्याशी माणसासारखा वागतो.

हे कागद परीक्षेत नेता येतात की नाही ते परीक्षेच्या नियमावर अवलंबून असते, आणि त्यावरून तक्त्याचा आकार ठरतो. दिल्ली विद्यापीठाने 2020 साली घेतलेल्या परीक्षेसारखी घरी बसून द्यायची परीक्षा असेल तर जवळ कितीही टिपणे ठेवता येतात. तिथे सविस्तर तक्ता आणि सगळे दुवे चालतात. ब्रिटनमधल्या पिअर्सन एडेक्सेल मंडळाच्या ए लेव्हल इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत पुस्तक नेता येते, पण ते कोरे हवे. त्यात खुणा किंवा टिपणे चालत नाहीत. तिथे तक्ता डोक्यातून न्यावा लागतो. मग सहा ओळींच्या तीन कराव्यात, प्रत्येक ओळीत एकच प्रसंग ठेवावा, आणि पानांच्या आकड्यांऐवजी प्रसंगांचा क्रम पाठ करावा. प्रश्नपत्रिका मिळाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत तो उत्तरपत्रिकेच्या कच्च्या कामाच्या जागी काढून घेता येतो.