नव्या कपाटाचा वास: वारा कुठे द्यायचा, कडा कुठे बुजवायच्या

गुरुवारी छावणीच्या बाजाराला आलात की भाजीपाल्याबरोबर घरातल्या मोठ्या वस्तूंचीही चौकशी होते. लग्नसराई किंवा दिवाळी जवळ आली की नवं कपाट, नवा पलंग घरी येतो. कपाटाचं दार उघडलं की एक तिखट वास येतो. "नवं आहे ना, येणारच" असं म्हणून आपण दार लावून घेतो. आज या वासाबद्दलच बोलू या.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी असंच झालं. खोली दहा बाय दहाची, वर स्लॅब आणि एकच खिडकी. त्यांनी तीन दारांचं कपाट घेतलं आणि त्याच दिवशी कपड्यांनी भरलं. आठवडाभरात सकाळी उठलं की मुलीचे डोळे चुरचुरायला आणि घसा खवखवायला लागला. ती शाळेत गेली की दुपारपर्यंत बरं वाटायचं, रात्री झोपली की पुन्हा तेच. घराबाहेर बरं आणि खोलीत त्रास, ही खूण महत्त्वाची आहे. सर्दी असती तर ती शाळेतही राहिली असती. ताईंनी वास जावा म्हणून कपाटाजवळ रोज अगरबत्ती लावली, आणि मुलीचा खोकला वाढला.

असं का झालं, ते समजून घेऊ. नव्या वस्तूंचे वास दोन तऱ्हेचे असतात. पहिला वास रंगाचा. तेलरंगात पातळ करणारं द्रव्य असतं, ते उडून जातं. उडालं की संपलं. वारा चांगला असेल तर काही दिवसांत वास उतरतो. दुसरा वास कपाटाच्या फळ्यांचा. लाकडाचा भुसा आणि चुरा गोंदाने दाबून जी फळी होते तिला पार्टिकल बोर्ड म्हणतात. स्वस्त कपाटं बहुधा याचीच असतात. या गोंदात बहुधा युरिया आणि फॉर्मल्डिहाइड असतं. हवेतल्या ओलाव्याने हा गोंद थोडा थोडा फुटत राहतो आणि फॉर्मल्डिहाइड वायू सुटत राहतो. म्हणजे हा वास नुसता उडत नाही, आतून नवा तयारही होतो. उन्हाळ्यात खोली तापली की तो वाढतो आणि पावसाळ्यात दमट हवा झाली की पुन्हा डोकं वर काढतो. "दोन महिन्यांपूर्वी गेला होता, परत कसा आला?" याचं उत्तर हेच.

हा वायू नुसता त्रासदायक नाही. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला. एका कपाटाने लगेच कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. पण लहान मूल, गरोदर बाई आणि दम्याचा माणूस रात्रभर त्या हवेत झोपू नये, एवढं तरी नक्की.

हा वास किती दिवस टिकतो, याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 2005 साली कॅटरिना वादळात घरं गेलेल्या लोकांना सरकारने चाकांवरची छोटी घरं राहायला दिली. आतल्या भिंती, कपाटं, पलंग बहुतेक प्लाय आणि दाबलेल्या फळ्यांचे. लोकांच्या डोळ्यांची आणि श्वासाची तक्रार सुरू झाली. 2007 च्या डिसेंबरपासून 2008 च्या जानेवारीपर्यंत 519 घरांची हवा तपासली गेली. वायूचं सरासरी प्रमाण हवेच्या अब्ज भागांत 77 भाग निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची अर्ध्या तासासाठीची मर्यादा साधारण 80 भागांची आहे, आणि इथे तर माणसं दिवसरात्र राहत होती. तपासणी थंडीतली असल्यामुळे उन्हाळा यायच्या आत लोकांना दुसरीकडे हलवा, असं आरोग्य खात्याने सांगितलं. वस्तू वर्ष-दोन वर्षं जुन्या होऊनही वास संपला नव्हता.

मग आपण काय करायचं? ताईंनी जे केलं ते क्रमाने सांगते.

पहिलं, कपाट रिकामं केलं. कपडे आणि गाद्या हा वायू शोषून घेतात आणि नंतर सोडत राहतात, म्हणून कपडे धुऊन बाहेर वाळवले. ड्रॉवर ओढून बाहेर काढले, दारं उघडी ठेवली आणि कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवलं, म्हणजे पाठीमागून वारा फिरेल. मुलगी काही दिवस दुसऱ्या खोलीत झोपली.

दुसरं, वाऱ्याला येण्याची वाट आणि जाण्याची वाट दिली. एकटी खिडकी उघडून भागत नाही. समोरचं दारही उघडायचं. टेबल फॅन खिडकीजवळ बाहेर तोंड करून ठेवला, म्हणजे खोलीतली हवा बाहेर ढकलली जाते. छताच्या पंख्याने वास नुसता खोलीत फिरतो. सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास असं केलं. पहिल्या महिन्यात रोज, नंतर वासाप्रमाणे.

तिसरं, आणि हेच सगळे विसरतात, फळीच्या उघड्या कडा. वरून सनमायका लावलेला असतो, तो वायू बराच अडवतो. पण कापलेल्या कडा, पाठ, बिजागऱ्यांची आणि स्क्रूची भोकं उघडी असतात, तिथूनच वायू जास्त सुटतो. ताईंनी सुतारदादांकडून उघड्या कडांना पट्टी लावून घेतली आणि पाठीला पाण्याच्या व्हार्निशचे दोन हात दिले. काम अंगणात केलं. व्हार्निश पूर्ण वाळून त्याचाही वास उतरल्यावरच कपाट आत आणलं.

कपाट भरायचं कधी? त्यासाठी सोपी परीक्षा आहे. धुतलेला सुती रुमाल रात्रभर कपाटात ठेवून दारं लावा. सकाळी रुमाल अंगणात नेऊन अशा व्यक्तीला हुंगायला सांगा, जी त्या घरात राहत नाही. आपल्या नाकाला वासाची सवय होते, म्हणून आपलं नाक ऐकू नका. रुमालाला तिखट वास असेल किंवा दार उघडताच डोळे चुरचुरत असतील, तर अजून थांबा.

अगरबत्ती, धूप, सुगंधी फवारा हे उपाय नव्हेत. त्यांनी वास झाकला जातो, वायू तिथेच राहतो. शिवाय अगरबत्तीच्या धुरातही फॉर्मल्डिहाइड असतंच. कोळसा, कापलेला कांदा किंवा एक कुंडी ठेवूनही खोलीभर हवा स्वच्छ होत नाही.

तेलरंगाचं काम असेल तर ते सणाच्या दोन दिवस आधी उरकू नका. वास जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नका. ओला रंग आणि थिनर पेट घेऊ शकतात, म्हणून तोवर जवळ चूल, गॅस, दिवा नको. प्लास्टिकची नवी चटई साबणाने धुऊन काही दिवस सावलीत वाऱ्यावर टाका.

शेवटी खरेदीचं. दुकानात फळी कशाची आहे ते विचारा. प्लायवर एमआर लिहिलं असेल तर गोंद बहुधा युरियाचा. बीडब्ल्यूआर लिहिलं असेल तर गोंद सहसा फिनॉलचा, तो ओलाव्याने सहज फुटत नाही आणि वायूही कमी सोडतो. महाग पडतो, हे खरं. तेवढे पैसे नसतील तर निदान दुकानात बराच काळ उघडं मांडलेलं कपाट घ्या, आणि कडांना पट्टी आहे का ते बोट फिरवून बघा. लोखंडी कपाटाला हा गोंदच नसतो.

ताईंच्या मुलीचे डोळे खोली बदलल्यावर दोन-तीन दिवसांत निवळले. कपाट भरायला मात्र तीन महिने गेले. आणि पहिल्या पावसात त्यांनी रुमाल पुन्हा एकदा ठेवून बघितला. तुमच्या घरी कुणाला धाप लागत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर वास जायची वाट बघू नका, त्याला त्या खोलीतून बाहेर काढा आणि दवाखान्यात दाखवा.