काळवंडलेली कणीक आणि आंबलेली कणीक

रात्री दोन वाट्या जास्त पीठ भिजवून ठेवायचं, म्हणजे सकाळच्या डब्याच्या पोळ्या पटकन होतात. सकाळी फ्रिज उघडावा तर गोळ्यावर करडी छटा, मध्ये मध्ये तपकिरी ठिपके. ‘कणीक खराब झाली’ म्हणून ती टाकून देणारी घरं आहेत. दुसरीकडे तीन दिवसांची, आंबूस वासाची कणीक ‘भाजल्यावर काय होतंय’ म्हणत लाटणारीही आहेत. पहिल्यांचं पीठ वाया जातं, दुसऱ्यांचं पोट बिघडू शकतं.

काळवंडणं हे हवेचं काम आहे. गव्हाच्या कोंड्यात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. पीठ कोरडं असेपर्यंत ते जवळजवळ निपचित असतं, पाणी पडलं की कामाला लागतं आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने कोंड्यातल्या फिनॉल घटकांपासून गडद रंगद्रव्यं तयार करतं. चिरलेलं वांगं काळं पडतं त्यामागेही हीच क्रिया असते. चक्कीवरच्या पिठात कोंडा राहतो, म्हणून त्याची कणीक मैद्याच्या गोळ्यापेक्षा लवकर काळपट होते. थंडीत हे विकर मंदावतं, पण थांबत नाही.

खात्री करायची असेल तर गोळा सुरीने मधोमध कापून पाहा. वर करडा थर आणि आत नेहमीचा फिकट रंग दिसला, तर हवेचा हात फक्त पृष्ठभागाला लागलाय असं समजा. पोळी जराशी सावळी होईल इतकंच. बारीक तपकिरी ठिपके कोंड्याच्या कणांभोवती उमटतात. ते सपाट असतात आणि कापलेल्या भागातही विखुरलेले दिसतात. बुरशी मात्र बहुधा वरच असते, तिला लव असते आणि रंग पांढरट, हिरवट किंवा काळा असतो. लव दिसली, किंवा गुलाबी-नारिंगी डाग दिसला, तर तेवढाच भाग काढून भागत नाही, अख्खा गोळा फेकावा.

आंबण्याची गोष्ट निराळी. पिठात मुळातच लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आणि यीस्ट असतात. ओलावा मिळाला की ते कणकेतली साखर खातात, आम्ल आणि वायू सोडतात. मग गोळा फुगतो, आत भोकं दिसतात, हात लावला तर सैल आणि चिकट लागतो, वास ताकासारखा किंवा दारूसारखा येतो. नुसतं आंबणं विषारी नसतं, पाव याच तत्त्वावर फुगतो. मात्र पाव करताना ते आंबवणं मुद्दाम आणि बेताने केलेलं असतं, पोळीच्या कणकेत आणखी कोण वाढलं ते आपल्याला ठाऊक नसतं. बॅसिलस सिरियससारख्या काही जिवाणूंचं विष तव्यावरच्या उष्णतेनेही जात नाही, आणि ते वासावरून ओळखूही येत नाही. म्हणून वास ठीक असला तरी वेळेची मर्यादा पाळावीच लागते.

ती मर्यादा अशी. फ्रिज ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असेल, तर २४ तासांत पोळ्या करून टाकणं उत्तम, ४८ तास म्हणजे शेवट. दूध, दही किंवा भाजी घालून मळलेली कणीक दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

हे ४८ तास गृहीत धरतात की कणीक वेळेवर थंड झाली. समजा, मे महिन्यात रात्री नऊला गरम पाण्यात पीठ भिजवलं, ते ओट्यावर साडेअकरापर्यंत राहिलं, मग मोठा गोळा तसाच डब्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवला. जिवाणूंना अडीच तास ऊब आधीच मिळाली, गोळ्याचा मधला भाग निवायला आणखी वेळ गेला आणि दाराशी गारवा सगळ्यात कमी. ही कणीक सकाळीच वापरावी, परवापर्यंत ठेवायच्या भानगडीत पडू नये. रात्रभर वीज गेली असेल तर तेच. याउलट गार पाण्यात, मीठ घालून जरा घट्ट मळली, चपट्या दोन गोळ्यांना तेलाचा हात लावला, डब्यात हवा राहू न देता आतल्या कप्प्यात मागे सरकवली, तर आंबणंही लांबतं आणि काळवंडणंही. पोळ्या करताना लागेल तेवढा गोळा काढून बाकी डबा लगेच आत ठेवावा. उरलेल्यात ताजी कणीक मिसळू नये, जुन्यातले जिवाणू नव्यात जातात आणि वेळेचा हिशेबही चुकतो. कच्ची कणीक चाखून पाहू नये, कच्च्या पिठातही रोगजंतू असू शकतात.

दोन दिवसांपलीकडे ठेवायचीच असेल तर मळल्याबरोबर फ्रीझरमध्ये टाका. एका वेळेपुरते लहान, चपटे गोळे तेल लावून पिशवीत दाबून बंद करावेत आणि पिशवीवर तारीख लिहावी. महिन्याभरात वापरलेले बरे, नंतर पोळी कोरडी होते. आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवावा, ओट्यावर सोडू नये. सुटलेला गोळा थोडा ओलसर लागतो, चमचाभर पीठ भुरभुरून पुन्हा मळला की लाटायला हरकत नाही.