भांडण थांबवा, पण परतायची वेळ सांगून

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन हे मानसशास्त्रज्ञ जोडप्यांना प्रयोगशाळेत बोलावून त्यांच्या भांडणांचा अभ्यास करत. नवरा-बायको वादाच्या विषयावर बोलत असताना त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले जात. एका प्रयोगात पंधरा मिनिटांनी त्यांना थांबवून सांगण्यात आलं, की यंत्र जरा नीट करायचं आहे, तोवर मासिकं वाचा, वादाचा विषय काढू नका. अर्ध्या तासाने तीच माणसं त्याच विषयावर पुन्हा बोलायला बसली, तेव्हा ठोके उतरलेले होते आणि बोलणंही समजुतीचं झालं होतं.

बसल्या जागी ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले, की माणसाला समोरचा काय म्हणतोय ते नीट ऐकू येत नाही. मनगटावर पंधरा सेकंदांत पंचवीसहून जास्त ठोके लागले, तर ही पातळी ओलांडली असं समजावं. शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. त्या वेळात ‘ती असं म्हणालीच कशी’ याची मनात उजळणी चालू राहिली, तर तासभर जाऊनही ठोके चढलेलेच राहतात.

म्हणूनच समुपदेशक जोडप्यांना ‘टाइम-आउट’चा नियम करायला सांगतात. नियम दोघांनाही पटतो, आणि बहुतेक घरांत पहिल्याच भांडणात मोडतो. कसा, ते पाहू.

डोंबिवलीतल्या वन-बीएचकेमधलं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. दिवाळीत गावी किती दिवस राहायचं, यावरून रात्री साडेआठला आवाज चढतात. तो ‘टाइम-आउट’ म्हणतो, चपला घालतो आणि खाली निघून जातो. साडेदहाला येतो, जेवतो, झोपतो. विषय तिथेच राहतो. तिच्या लेखी नवऱ्याला पळून जायला आता एक इंग्रजी शब्द मिळालेला असतो. पुढच्या खेपेला ती दारात आडवी उभी राहते, आणि त्यात तिची चूक नाही. तिला वाट अडवायला लावणारी गोष्ट आहे ती न सांगितलेली परतीची वेळ.

तेव्हा नियमाचा प्राण परतीत आहे. जो थांबा मागेल, त्यानेच वेळ सांगायची आणि त्यानेच विषय पुन्हा काढायचा: “माझं डोकं तापलंय. सव्वानऊला गच्चीत बसू.” ‘माझं’ हा शब्द महत्त्वाचा. “तू आधी शांत हो” म्हटलं की तो थांबा उरत नाही, आणखी एक टोमणा होतो. सव्वानऊला मन तयार नसेल तरी समोर यायचं आणि दुसरी वेळ द्यायची. फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. दुसऱ्याने ‘एवढं एक ऐकून जा’ म्हणायचं नाही, मागून व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज पाठवायचा नाही. सासू-सासरे बाहेरच्या खोलीत असतील, तर भाजी निवडणं किंवा जिन्यातून एक फेरीही चालते.

अपशब्दांचा नियम याहून अवघड, कारण ‘शिव्या द्यायच्या नाहीत’ एवढ्याने काहीच ठरत नाही. शिवी न देताही “अगदी आईवर गेलास” हे वाक्य वर्मी लागतं. गॉटमन यांच्या अभ्यासात जोडीदाराविषयीचा तुच्छतेचा सूर हे लग्न मोडण्याचं सर्वांत ठळक लक्षण ठरलं. म्हणून रविवारी दुपारी, भांडण नसताना, दोघांनी आपापल्याला सर्वांत झोंबणारी तीन-चार वाक्यं कागदावर लिहावीत. ‘बिनडोक’, ‘तुमच्या घराण्यातच’, पगाराचा उल्लेख, डोळे फिरवणं, जे असेल ते. का झोंबतं, यावर चर्चा नको. यादी ज्याची त्याची, ती दुसऱ्याने मान्य करायची.

शब्द तरीही निसटतील. तेव्हा “बघ, नियम मोडलास!” असं ओरडलं, तर मूळ विषय सुटून नियमावरच भांडण पेटतं. त्यापेक्षा ज्याच्या तोंडून गेला त्यानेच “शब्द मागे घेतो” म्हणावं आणि तेच वाक्य पुन्हा नीट बोलावं. दुसऱ्याने फार तर “पुन्हा सांग” म्हणावं. पहिले काही थांबे टीव्हीच्या रिमोटसारख्या किरकोळ वादात घेऊन पाहावेत; पैशांच्या किंवा सासरच्या विषयात सवय नसलेला नियम आठवत नाही.

मात्र हे सगळं दोघेही एकमेकांना न घाबरता बोलू शकतात अशा घरांसाठी आहे. जिथे एकजण दुसऱ्याला भिऊन गप्प बसतो, हात उगारला जातो, तिथे नियमांचा कागद करत बसू नये. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाच्या 2005 च्या कायद्यात अपमान, नावं ठेवणं, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं हेही शाब्दिक आणि भावनिक छळात मोडतं. अशा वेळी 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.