गाड्या तयार, बोगदा तयार. लाइन मात्र बंद

लंडनच्या पोटातून पूर्व-पश्चिम जाणारी एलिझाबेथ लाइन ९ डिसेंबर २०१८ रोजी सुरू व्हायची होती. ४२ किलोमीटरचे नवे बोगदे कधीच खोदून झाले होते, रूळ टाकून झाले होते आणि नव्या गाड्या कारखान्यातून बाहेर पडत होत्या. तरीही ३१ ऑगस्टला, म्हणजे मुहूर्ताच्या जेमतेम तीन महिने आधी, उद्घाटन पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. मधल्या बोगद्यातून पहिली प्रवासी गाडी धावली ती २४ मे २०२२ रोजी. मधल्या काळात कोविडही आला. १४.८ अब्ज पौंडांचा खर्च १९ अब्जांच्या जवळ गेला.

काही स्टेशनांची कामं रखडली होती, हे खरं. पण खरी अडचण कामांच्या सांध्यांत होती. ‘क्रॉसरेल’ या नावाने चाललेल्या या उपक्रमात ३६ मुख्य कंत्राटं होती. शिवाय जुन्या रेल्वेमार्गांवरची कामं नेटवर्क रेल या वेगळ्या संस्थेकडे आणि गाड्या तिसऱ्याच कंपनीकडे. प्रत्येकाचं वेळापत्रक स्वतंत्र. अशा अनेक प्रकल्पांची मोट बांधून त्यांतून एकत्रित फायदा मिळवायचा, त्याला ‘प्रोग्रॅम’ म्हणतात. प्रकल्प वस्तू देतो: बोगदा, गाडी, स्टेशन. प्रोग्रॅमने द्यायचा असतो त्या वस्तूंमुळे लोकांच्या आयुष्यात होणारा, मोजता येणारा फरक.

नकाशा शेवटाकडून काढायचा

हा फरक कुठून येणार, हे दाखवणाऱ्या आकृतीला बेनिफिट्स मॅप म्हणतात. ती उजवीकडून डावीकडे, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे काढत न्यायची असते. डावीकडून सुरुवात केली की हातात असलेल्या प्रत्येक प्रकल्पाला कुठला तरी फायदा चिकटवण्याचा मोह होतो.

क्रॉसरेलचा एक जाहीर फायदा घेऊ. मध्य लंडनच्या नोकऱ्यांच्या ठिकाणांपासून ४५ मिनिटांच्या अंतरात आणखी १५ लाख लोक येतील, असं सांगितलं गेलं होतं. हा झाला फायदा: त्याला आकडा आहे, तो आधी आणि नंतर मोजता येतो. आता एक पायरी मागे. हा फायदा होण्यासाठी लोकांच्या वागण्यात काय बदलायला हवं? पूर्वेच्या शेनफिल्डहून किंवा पश्चिमेच्या रेडिंगहून निघालेल्या प्रवाशाने गाडी न बदलता थेट शहराच्या मध्यात उतरायला हवं. हा झाला परिणाम. आणखी एक पायरी मागे: त्यासाठी यंत्रणेच्या अंगी कोणती क्षमता हवी? उपनगरातली गाडी थेट बोगद्यात शिरून पलीकडे बाहेर पडली पाहिजे, आणि गर्दीच्या वेळी मधल्या भागात एका दिशेला तासाला २४ गाड्या धावल्या पाहिजेत. ही क्षमता कशातून येते? इथे कुठे प्रकल्प दिसू लागतात: बोगदा, गाड्या, सिग्नल, विद्युतीकरण, लांब केलेले प्लॅटफॉर्म, प्रशिक्षित चालक, नवं वेळापत्रक.

आता ‘क्षमता’ या पायरीपाशी थांबून विचारा: ‘गाडी उपनगरातून थेट बोगद्यात शिरली पाहिजे’ ही जबाबदारी कोणत्या एका प्रकल्पाची? कोणाचीच नाही. गाडीवाला गाडी देणार, सिग्नलवाला सिग्नल. नकाशावर अनेक बाण ज्या चौकटीत येऊन मिळतात आणि जिला एकही धनी नाही, तिथे प्रोग्रॅमचा सर्वांत मोठा धोका असतो.

एक गाडी, तीन भाषा

क्रॉसरेलच्या बाबतीत धोका नेमका तिथेच होता. मधल्या बोगद्यात सीबीटीसी ही संगणकीकृत सिग्नल यंत्रणा, हीथ्रो विमानतळाच्या फाट्यावर ईटीसीएस ही युरोपीय यंत्रणा आणि बाकीच्या जुन्या मार्गांवर पारंपरिक ब्रिटिश यंत्रणा. एकाच गाडीने तिन्हींशी बोलायचं, आणि एकीतून दुसरीत जाताना चालत्या गाडीत बदल व्हायला हवा. गाड्या बंबार्डियरच्या, बोगद्यातले सिग्नल सिमेन्सचे. भूमिगत स्टेशनांत प्लॅटफॉर्मच्या कडेला काचेचे दरवाजे. गाडी ठरल्या जागी थांबून दोन्हीकडचे दरवाजे जुळले तरच प्रवासी उतरणार. एका बाजूच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती झाली की दुसऱ्या बाजूची चाचणी पुन्हा करणं आलं.

या गाठीची चुणूक आधीच मिळाली होती. मे २०१८मध्ये पॅडिंग्टन ते हीथ्रो सेवा सुरू झाली ती जुन्याच गाड्यांनी, कारण नवी गाडी आणि विमानतळाच्या बोगद्यातले सिग्नल यांचं जुळलं नव्हतं. नव्या गाड्या हीथ्रोला पोहोचल्या त्या जुलै २०२०मध्ये.

धक्का पुढे कसा सरकतो

परस्परावलंबनाची नोंद ठेवताना ‘अमुक काम तमुकावर अवलंबून’ एवढं लिहून भागत नाही. कोण देणार, कोण घेणार, नेमकी कोणत्या अवस्थेतली वस्तू, कोणत्या तारखेला, आणि उशीर झाला तर किती दिवस पोटात घालता येतात, हे पाचही रकाने भरावे लागतात.

नोव्हेंबर २०१७मध्ये पूर्व लंडनच्या पुडिंग मिल लेन इथे मार्गात वीज सोडताना विद्युत उपकरणाचा स्फोट झाला. वीज नाही म्हणून गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणून चालत्या गाडीच्या चाचण्या नाहीत. त्या फेब्रुवारी २०१८मध्ये सुरू झाल्या. उद्घाटनाची तारीख मात्र तिथेच ठेवली गेली. मग चाचणीचा काळ आवळणं आणि बांधकाम व चाचणी एकाच वेळी चालवणं, एवढंच हाती उरलं. पण गाडी धावत असताना बोगद्यात कामगार जाऊ शकत नाहीत आणि कामगार आत असताना गाडी धावू शकत नाही. वेळ वाचवायला योजलेल्या उपायाने दोन्ही कामं अडली. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०१९च्या अहवालात, ठरल्या तारखेला चिकटून राहण्याच्या याच हट्टावर बोट ठेवलं.

असा प्रोग्रॅम घसरतोय हे ओळखायची खूण साधी आहे: प्रत्येक प्रकल्पाची ‘पूर्ण झालेल्या कामाची टक्केवारी’ वाढत असते, पण शेवटची तारीख हलत नाही आणि मधली चाचणीची पट्टी महिन्यागणिक आखूड होत जाते.

जे सुटं करता येईल ते सुटं करा

सगळीच अवलंबनं सारखी कडक नसतात. बाँड स्ट्रीट हे स्टेशन वेळेत होत नाही असं दिसल्यावर त्याच्याविनाच लाइन सुरू करण्यात आली. ते उघडलं २४ ऑक्टोबर २०२२ला. पण स्टेशन वगळलं म्हणजे विसरलं असं नव्हे. बोगद्याची हवा खेळती ठेवणं आणि संकटात प्रवाशांना बाहेर काढणं यासाठी त्याचा तेवढा भाग तयार असावाच लागतो. म्हणजे एकाच स्टेशनाची दोन अवलंबनं: सुरक्षेचं कडक, प्रवासी चढण्या-उतरण्याचं सैल. नकाशावर ती दोन वेगळ्या बाणांनी दाखवली तरच असा निर्णय सुचतो.

फायदाही टप्प्याटप्प्यानेच हाती आला. मे २०२२मध्ये पूर्व-पश्चिमेच्या प्रवाशांना लिव्हरपूल स्ट्रीट आणि पॅडिंग्टनला गाडी बदलावी लागत होती. थेट गाड्या नोव्हेंबर २०२२पासून धावल्या आणि पूर्ण वेळापत्रक मे २०२३मध्ये लागू झालं. म्हणजे ४५ मिनिटांचा फायदा पहिल्या गाडीच्या दिवशी मोजला असता, तर तो अपुराच निघाला असता.

नकाशाला मर्यादाही आहेत. बाण हे शेवटी अंदाजच असतात. इथले अंदाज कोविडपूर्वीचे. नंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली, म्हणून आज दिसणाऱ्या गर्दीतला किती वाटा नव्या लाइनचा आणि किती बदललेल्या सवयींचा, हे केवळ नकाशा पाहून सांगता येत नाही. त्यासाठी सुरुवातीची स्थिती आधीच मोजून ठेवावी लागते.

स्वतःला तपासा

ब्रिटिश सरकारच्या पुढाकाराने आलेली एमएसपी आणि अमेरिकेतल्या पीएमआय संस्थेची पीजीएमपी या परीक्षांत अशा धर्तीचे प्रश्न येतात. पुढचे प्रश्न या लेखासाठी रचलेले आहेत.

*प्रश्न १.* यांपैकी ‘फायदा’ कोणता? (अ) ४२ किलोमीटरचे बोगदे (आ) तासाला २४ गाड्या चालवण्याची सोय (इ) प्रवासी गाडी न बदलता जाऊ लागणं (ई) सरासरी प्रवासाच्या वेळेत मोजलेली घट

उत्तर: ई. ‘अ’ वस्तू, ‘आ’ क्षमता, ‘इ’ परिणाम. बहुतेक जण ‘इ’वर घसरतात, कारण ते ऐकायला फायद्यासारखं वाटतं. पण त्यात मोजमाप नाही.

*प्रश्न २.* एका मेट्रोचं वीज उपकेंद्र २०व्या आठवड्याअखेर तयार व्हायचं आहे. चाचण्या २४व्या आठवड्याअखेर सुरू होऊन १६ आठवडे चालतील, त्यानंतर लगेच १२ आठवडे प्रवाशांविना सराव. उद्घाटन ५४व्या आठवड्याअखेर. उपकेंद्राला ९ आठवडे उशीर झाला, तर उद्घाटन किती लांबेल? (अ) ० (आ) ३ (इ) ५ (ई) ९

उत्तर: आ. उपकेंद्र २९व्या आठवड्यात. चाचण्या ४५व्याला आणि सराव ५७व्याला संपेल. उपकेंद्र आणि चाचणी यांमध्ये ४ आठवडे मोकळे होते, सराव आणि उद्घाटन यांमध्ये २. नऊपैकी सहा तिथे जिरतात. ‘इ’ निवडणाऱ्याने दुसरी फट पाहिलेलीच नसते.

*प्रश्न ३.* प्रवासाचा वेळ घटण्याच्या फायद्याचा धनी कोण असावा? (अ) बोगद्याचा कंत्राटदार (आ) प्रोग्रॅम कार्यालय (इ) लाइन चालवणाऱ्या संस्थेचा सेवाप्रमुख (ई) लेखापरीक्षक

उत्तर: इ. फायदा पिकतो लाइन सुरू झाल्यावर. तोवर कंत्राटदार निघून गेलेला असतो आणि प्रोग्रॅम कार्यालय बंद झालेलं असतं.

*प्रश्न ४.* प्रश्न २मधल्या मेट्रोत प्रकल्पप्रमुख सुचवतो, ‘चाचण्या १६ऐवजी १३ आठवड्यांत उरकू, तारीख वाचेल.’ प्रोग्रॅम मॅनेजरने आधी काय करावं? (अ) मंजुरी द्यावी (आ) नाकारावं (इ) कमी चाचणीमुळे कोणती क्षमता, आणि पर्यायाने कोणता फायदा धोक्यात येतो ते तपासून निर्णय वरिष्ठ मंडळापुढे ठेवावा (ई) उपकेंद्राच्या कंत्राटदाराला दंड लावावा

उत्तर: इ. तीन आठवड्यांत वगळली जाणारी चाचणी जर गाडी आणि सिग्नल यांच्या सांध्यावरची असेल, तर तारीख वाचूनही फायदा हाती येत नाही. ती स्टेशनातल्या एखाद्या सुट्या सोयीची असेल, तर उद्घाटनानंतर करता येते. हे नकाशा पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही, म्हणून ‘अ’ आणि ‘आ’ दोन्ही घाईचे ठरतात.